थंबनेल: फ्रेम निवडताना आधी अक्षरांची जागा बघा



या आठवड्याच्या व्हिडिओत थंबनेल कसं बनवायचं ते मी स्क्रीनवर दाखवलंय. पण व्हिडिओत सगळं भरभर जातं, आणि मापं लिहून घ्यायला वेळ मिळत नाही. म्हणून हा लेख. यात एकच थंबनेल घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत जाऊया. आधी ते का फसलं ते बघू, मग दुरुस्त करू.

आमच्या बॅचमधल्या एक ताई घरून दिवाळीचा फराळ करून विकतात. अनारसे ही त्यांची खासियत. गेल्या दिवाळीच्या आधी त्यांनी व्हिडिओ टाकला, विषय होता "अनारसा तुपात का हसतो". ज्यांनी कधी अनारसे केलेत त्यांना माहीत आहे, अनारसा कढईत सोडला की जाळी पडून विरघळतो, त्याला आपण हसणं म्हणतो आणि करणारीला मात्र रडू येतं. विषय झकास होता. व्हिडिओही चांगला झाला होता.

थंबनेलवर ताईंनी काय केलं? अनारशांनी भरलेल्या ताटाचा वरून घेतलेला फोटो. त्यावर मोठ्या अक्षरात "खुसखुशीत अनारसे फक्त ₹३६०". आणि खाली उजव्या कोपऱ्यात, लहान अक्षरात, "अर्धा किलो".

चार दिवसांनी त्यांचा मला फोन. "दादा, लोक भांडतायत हो. म्हणतात किलोचा भाव ३६० लिहिलाय आणि आता अर्ध्या किलोचे मागताय. एका बाईंनी दोन किलोची ऑर्डर दिली होती, ती रद्द केली. वर म्हणाल्या, तुम्ही फसवता."

मी म्हटलं, "ताई, तुम्ही अर्धा किलो लिहिलं नव्हतं का?"

"लिहिलंय की! माझ्या गॅलरीत स्वच्छ दिसतंय."

गॅलरीत दिसत होतंच. पण यूट्यूबवर थंबनेलच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ येते, काळ्या पट्टीत पांढरे आकडे. ताईंचा "अर्धा किलो" बरोब्बर त्या पट्टीखाली गेला होता. राहिलं काय, तर "फक्त ₹३६०". ताई खोटं बोलल्या नव्हत्या, पण गिऱ्हाईकाला जे दिसलं ते खोटं होतं. तळलेला माल तयार, पीठ आंबवून ठेवलेलं, आणि ऑर्डरी रद्द. एका कोपऱ्यामुळे.

वेळेची पट्टी चित्राबरोबर लहान होत नाही

ही गोष्ट नीट समजली की अर्धं काम झालं, म्हणून जरा थांबून सांगतो.

माझं भांड्यांचं दुकान आहे. किमतीचं लेबल मारायला मशीन आहे, त्यातून निघणारं स्टिकर एकाच मापाचं. दहा लिटरच्या पातेल्यावर ते स्टिकर कुठे लावलंय ते शोधावं लागतं. तेच स्टिकर आमटीच्या वाटीवर लावलं की वाटीवरचं कंपनीचं नाव झाकून जातं. स्टिकर तेच, वस्तू लहान झाली.

यूट्यूबची वेळेची पट्टी म्हणजे हे स्टिकर. आपण थंबनेल १२८० बाय ७२० पिक्सेलचं बनवतो. मोबाईलच्या होम पानावर ते स्क्रीनभर रुंद दिसतं, तेव्हा पट्टी कोपऱ्यात इवलीशी वाटते. पण तेच थंबनेल प्लेलिस्टमध्ये, बघितलेल्या व्हिडिओंच्या यादीत, किंवा कॉम्प्युटरवर चालू व्हिडिओच्या शेजारच्या रांगेत येतं, तेव्हा ते अंगठ्याएवढं होतं. शेजारच्या रांगेत त्याची रुंदी साधारण १६८ पिक्सेल असते. पट्टीचे आकडे मात्र वाचता यावेत म्हणून जवळपास तेवढेच राहतात. म्हणजे लहान चित्रात ती पट्टी रुंदीचा पाव भाग आणि उंचीचा पाचवा भाग सहज खाते.

म्हणून मोठ्या चित्रात पट्टी किती आहे ते बघून जागा सोडली तर फसाल. जागा सोडायची ती सगळ्यात लहान चित्राच्या हिशोबाने.

सुरक्षित जागेची पाटी: एकदाच बनवा

मी माझ्यासाठी एक पाटी बनवून ठेवलीय. १२८० बाय ७२० चं रिकामं पारदर्शक चित्र, पीएनजी फाईलमध्ये, आणि त्यावर चार खुणा. तुम्हीही फोनमधल्या कोणत्याही डिझाईन ॲपमध्ये दहा मिनिटांत बनवू शकता.

पहिली खूण, खाली उजवीकडे ३२० रुंद आणि १६० उंच असा लाल चौकोन. इथे काहीही महत्त्वाचं नको. अक्षर नको, किंमत नको, लोगो नको, हातातली वस्तू नको. तुमचा व्हिडिओ तासापेक्षा मोठा असेल तर आकडे वाढतात, पट्टी रुंद होते, मग ३२० ऐवजी ४०० धरा.

दुसरी खूण, तळाशी पूर्ण रुंदीची ४० पिक्सेलची पट्टी. ज्याने आपला व्हिडिओ अर्धवट बघितलाय त्याला इथे लाल रेघ दिसते, किती बघून झालं ते सांगणारी. ताईंसारखे धंदे करणाऱ्यांचं गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येणारं असतं, त्यामुळे ही रेघ बऱ्याच जणांना दिसणार हे धरूनच चाला. आपल्या शेवटच्या ओळीचे उकार या रेघेत सापडतात आणि "सु" चा "स" होतो.

तिसरी खूण, चारही बाजूंनी ५० पिक्सेलचा मोकळा काठ. यूट्यूब आता थंबनेलचे कोपरे गोल करून दाखवतं. शिवाय अक्षर अगदी कडेला चिकटलं की ते कापल्यासारखं वाटतं, कापलेलं नसलं तरी.

चौथी खूण, वर उजवीकडे १६० बाय १६० चा पिवळा चौकोन. कॉम्प्युटरवर माऊस चित्रावर नेला की इथे "नंतर बघा" वगैरेची बटणं येतात. ही अडचण तेवढी मोठी नाही, कारण ती बटणं सतत दिसत नाहीत. म्हणून लाल नाही, पिवळा. इथे चित्र चालेल, डोकं चालेल, पण मुख्य शब्द नको.

थंबनेल बनवताना ही पाटी सगळ्यात वर ठेवायची, अर्धवट पारदर्शक करून. काम झालं की काढून टाकायची, मग सेव्ह करायचं. हे मुद्दाम सांगतोय, कारण मी एकदा पाटी न काढताच अपलोड केलं होतं. दिवसभर माझ्या व्हिडिओवर लाल आणि पिवळे चौकोन झळकत होते, आणि एका मित्राने विचारलं की ही नवीन स्टाईल आहे का.

आता फ्रेम निवडायची

बहुतेक जण इथे उलटं काम करतात. आधी सुंदर फ्रेम शोधतात, मग अक्षरं कुठे बसवायची त्याची मारामारी करतात. आपण फ्रेम शोधतानाच दोन गोष्टी एकत्र शोधायच्या: काय घडतंय ते दिसणारी वस्तू किंवा चेहरा, आणि त्याच्या शेजारी मोकळी जागा. ती मोकळी जागाही शक्यतो डावीकडे, कारण उजवा खालचा कोपरा आधीच गेलेला आहे.

ताई आणि मी त्यांच्या व्हिडिओतून तीन फ्रेम काढल्या.

पहिली, तीच ताटाची. दिसायला सगळ्यात छान. पण ताट कडेपासून कडेपर्यंत, अक्षराला जागाच नाही. खसखस लावलेल्या अनारशांवर अक्षरं ठेवली की खसखशीचे दाणे आणि अक्षरांच्या कडा एकमेकांत मिसळतात. शिवाय व्हिडिओचा विषय "का हसतो" आहे, आणि ताटात सगळे न हसलेले अनारसे. प्रश्न दिसतच नाही.

दुसरी, ताई पानावर अनारसा थापतायत ती. चेहरा चांगला, डावीकडे भिंत मोकळी. पण बोटं धुरकट. घरात उजेड कमी असला की फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उघडा राहतो, आणि तेवढ्यात हात हलला की बोटांचा धूर होतो. व्हिडिओ चालू असताना ते कळत नाही, थांबवल्यावर दिसतं. हे नंतर कुठल्याही ॲपमध्ये नीट दुरुस्त होत नाही. शार्प करायला जावं तर धुराच्या कडा जाड होतात, बोटं येत नाहीत.

तिसरी, ३ मिनिटं ४२ सेकंदांची. ताईंनी झाऱ्यावर हसलेला अनारसा उचललाय आणि कॅमेऱ्याकडे बघून "हे बघा, असा होतो" म्हणतायत. हात स्थिर, डोळे उघडे, झाऱ्यावर तुटलेला अनारसा, डावीकडे फिकट टाइल्सची भिंत. ही घेतली.

पण ३:४२ ला थांबवलं तेव्हा ताईंचं तोंड अर्धवट उघडं होतं, "हे" म्हणतानाचं. बोलणाऱ्या माणसाची फ्रेम निवडताना हे नेहमी होतं. म्हणून सेकंदावर थांबू नका, एकेक फ्रेम पुढे सरका. कॉम्प्युटरवर VLC मध्ये व्हिडिओ थांबवून E दाबत गेलात की एकेक फ्रेम पुढे जाते. वाक्य जिथे संपतं तिथे ओठ मिटतात आणि डोळे अजून कॅमेऱ्यावर असतात, तिथली फ्रेम बहुतेक वेळा चांगली निघते. आम्हाला ती साधारण पंधरा फ्रेम पुढे मिळाली, म्हणजे अर्धा सेकंद.

पुढच्या शूटसाठी ताईंना एक सवय लावलीय. महत्त्वाची कृती झाली की हातातली वस्तू चेहऱ्याजवळ, पण चेहऱ्याच्या डावीकडे धरायची (बघणाऱ्याच्या डावीकडे), आणि न बोलता दोन सेकंद थांबायचं. सेकंदाला तीस फ्रेम धरल्या तर साठ फ्रेम मिळतात, त्यातली एक तरी स्वच्छ असणारच. एडिट करताना ते दोन सेकंद कापून टाका.

फ्रेम बाहेर काढताना चित्र लहान करू नका

इथे फोनवर काम करणाऱ्यांचा घोटाळा होतो. फोन उभा धरून व्हिडिओ चालवायचा आणि स्क्रीनशॉट मारायचा. आता हिशोब करा. फोनची स्क्रीन १०८० पिक्सेल रुंद असेल, तर उभ्या फोनवर आडव्या व्हिडिओला रुंदी मिळते १०८० आणि उंची फक्त ६०७. आपल्याला हवेत १२८० बाय ७२०. म्हणजे क्रॉप करायच्या आधीच चित्र कमी पडलं. मग ॲप ते ताणतं आणि चेहरा मऊ, मेणासारखा दिसतो.

फोनवरच करायचं असेल तर फोन आडवा करा, व्हिडिओ पूर्ण स्क्रीनवर घ्या, प्लेअरची बटणं नाहीशी होईपर्यंत थांबा आणि मग स्क्रीनशॉट घ्या. १०८० च्या स्क्रीनवर तुम्हाला १९२० बाय १०८० चं चित्र मिळतं, बाजूला काळ्या पट्ट्या आल्या तर त्या कापायच्या. स्वस्तातल्या फोनची स्क्रीन ७२० ची असेल तर मात्र बरोब्बर १२८० बाय ७२० च मिळतं, क्रॉपला जागा शून्य. अशांनी कॉम्प्युटर वापरावा. VLC मध्ये Video मेनूत Take Snapshot आहे, तो व्हिडिओच्या मूळ मापात फ्रेम देतो.

आणि फाईल मूळ घ्या. व्हॉट्सॲपवरून आलेला व्हिडिओ आधीच दाबून लहान केलेला असतो, त्यातली फ्रेम काढली की भिंतीवर चौकोन चौकोन दिसतात.

काही जण विचारतात, वेगळा फोटो काढला तर? चालेल, उलट बरेचदा जास्त स्वच्छ येतो. फक्त फोटो त्याच जागेचा, त्याच वस्तूचा आणि व्हिडिओत जे आहे त्याचाच हवा. व्हिडिओत नसलेली गोष्ट थंबनेलवर दाखवणं यूट्यूबच्या नियमातही बसत नाही आणि गिऱ्हाईकाच्या मनातही. दुसरं, फोनचा फोटो बहुतेक ४:३ मापाचा असतो. तो १६:९ केला की उंचीचा पाव भाग जातो. म्हणून फोटो काढताना डोक्यावर आणि हाताखाली जागा जास्त सोडा.

क्रॉप: किती आणि कुठून

आपली फ्रेम १९२० बाय १०८०. थंबनेल १२८० बाय ७२०. म्हणजे रुंदीतून आणि उंचीतून एक तृतीयांश कापायची मुभा आहे, चित्र न ताणता. त्यापेक्षा जास्त कापलंत तर ॲप चित्र ताणणार. हा एक आकडा लक्षात ठेवा: फुल एचडी व्हिडिओ असेल तर क्रॉपची चौकट १२८० च्या खाली नेऊ नका. व्हिडिओ फोर-के मध्ये शूट केला असेल तर मुभा बरीच जास्त, कारण फ्रेमच ३८४० रुंद असते.

ताईंच्या फ्रेममध्ये काय होतं ते डोळ्यासमोर आणा. अगदी डावीकडे खिडकी, उन्हाने पांढरीफटक. मग मोकळी भिंत. मग झारा आणि अनारसा. मग ताईंचा चेहरा. उजवीकडे फडताळ, त्यावर डबे. वर ट्यूबलाईट.

खिडकी जायलाच हवी होती, कारण चित्रात सगळ्यात उजळ जे असतं तिथे डोळा आधी जातो. म्हणून डावीकडून ३०० पिक्सेल कापले. वरून ८० कापले, ट्यूबलाईट गेली. तिथून १२८० बाय ७२० ची चौकट घेतली. फडताळातले बरेच डबे आपोआप बाहेर गेले.

आता नव्या चित्रात चेहरा उजव्या बाजूला आला, त्याची उंची ३७० पिक्सेलच्या आसपास, म्हणजे चित्राच्या निम्मी. लहान रांगेत चेहऱ्यावरचा भाव कळायला एवढा मोठा चेहरा लागतो. झारा चेहऱ्याच्या डावीकडे, चित्राच्या मध्यावर. आणि डावीकडे साधारण ४७० पिक्सेल रुंदीची फिकट भिंत, अक्षरांसाठी.

मग पाटी वर ठेवून बघितलं. लाल चौकोनात काय आलं? ताईंच्या साडीचा पदर. त्यावर वेळ आली तर काही बिघडत नाही. असंच पाहिजे. लाल चौकोनात झारा आला असता तर चौकट थोडी खाली किंवा उजवीकडे सरकवावी लागली असती. तेही जमत नसेल तर समजायचं की फ्रेम चुकीची आहे, दुसरी बघा. फ्रेमवर प्रेम करू नका.

अक्षरं: किती मोठी म्हणजे पुरेशी

पहिल्या थंबनेलवर "अर्धा किलो" ४० पिक्सेलच्या अक्षरात होतं. १२८० चं चित्र १६८ चं झालं की सगळं साडेसात पटीने लहान होतं. म्हणजे ४० चं अक्षर उरलं पाचसव्वापाच पिक्सेल. पट्टीखाली गेलं नसतं तरी कुणाला वाचता आलं नसतं.

माझा नियम असा की मुख्य शब्द १४० पिक्सेलच्या खाली नको. मराठीत हे जास्त लागू पडतं, कारण आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार असतो. फॉन्टचं माप १४० असलं तरी शिरोरेषेखालचा "स" त्यातला निम्माच असतो. इंग्रजी शब्दाला जे माप पुरतं ते मराठीला पुरत नाही.

मग ४७० पिक्सेलच्या भिंतीवर १५० च्या अक्षरात काय मावतं? एका ओळीत तीन-चार अक्षरं. दोन ओळी, दोन शब्द. आम्ही लिहिलं:

अनारसा
हसला?

बस. बाकी सगळं शीर्षकात लिहिता येतं, ते थंबनेलच्या खाली असतंच. शीर्षकातलेच शब्द पुन्हा चित्रावर घालून जागा वाया घालवू नका.

दोन ओळी ठेवताना आणखी एक गोष्ट बघा. ॲपमध्ये ओळींमधलं अंतर बरेचदा इंग्रजीच्या हिशोबाने असतं. मराठी दोन ओळी टाकल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, किंवा पहिल्या ओळीचा रफार वरून कापला जातो. "वर्ष" असं लिहून बघा, लगेच कळेल. अंतर वाढवा, आणि वरचा रफार पूर्ण दिसतोय ना ते मोठं करून तपासा.

फॉन्ट जाड घ्या. Mukta किंवा Baloo 2 यांत मराठीची जोडाक्षरं नीट येतात आणि जाड वजन मिळतं. बारीक, वळणदार, लग्नपत्रिकेसारखा फॉन्ट लहान चित्रात दोऱ्यासारखा दिसतो. आमची भिंत फिकट होती म्हणून अक्षर गडद किरमिजी केलं. भिंतीवर कॅलेंडर, तोरण, डबे असं काही असेल तर आधी अक्षरांमागे एक सपाट रंगाची पट्टी घाला, मग अक्षर.

आणि किंमत? किंमत आम्ही काढूनच टाकली. तूप महागलं की भाव बदलतो, थंबनेल मात्र तसंच राहतं. किंमत घालायचीच असेल तर "₹३६०" आणि "अर्धा किलो" एकाच ओळीत, एकाच मापात, डाव्या बाजूला. दुकानात भाव लिहिताना आपण किलोचा की पावाचा ते आकड्याशेजारीच लिहितो ना, तसंच.

अपलोड करण्याआधी तपासणी

गॅलरीत चित्र स्क्रीनभर उघडून बघणं ही तपासणी नव्हे. ताईंनी तेवढंच केलं होतं. गॅलरीत वेळेची पट्टी नसते.

आधी गॅलरीच्या यादीत जा, जिथे फोटो छोट्या छोट्या चौकोनात दिसतात. चिमटीने आणखी लहान करा. फोन हातभर लांब धरा. दोन शब्द वाचता येतात का? चेहरा कुणाकडे बघतोय ते कळतं का? मग घरातल्या अशा कुणाला दाखवा ज्याने व्हिडिओ बघितलेला नाही, आणि विचारा, "यात काय चाललंय?" आम्ही ताईंच्या सासूबाईंना दाखवलं. चष्मा न लावता त्या म्हणाल्या, "अगो, बिघडला वाटतं अनारसा." पास.

खरी तपासणी यूट्यूबवरच होते. व्हिडिओ आधी Unlisted ठेवून अपलोड करा, थंबनेल लावा, एखाद्या प्लेलिस्टमध्ये टाका आणि फोनवर ती प्लेलिस्ट उघडा. तिथे चित्र लहान असतं आणि वेळेची पट्टी खरी असते. पट्टीखाली काय गेलंय ते बघा. सगळं ठीक असेल तर Public करा. फाईल जेपीजी किंवा पीएनजी, आणि २ एमबीच्या आत ठेवा म्हणजे कुठे अडत नाही. तुमच्या चॅनेलला स्वतःचं थंबनेल लावायचा पर्यायच दिसत नसेल, तर फोन नंबर व्हेरिफाय करायचा राहिलाय.

उभ्या रीलसाठी हे थंबनेल कापून वापरू नका. तिथे कव्हर १०८० बाय १९२० चं असतं, आणि इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर त्याचा फक्त मधला ३:४ भाग दिसतो. म्हणजे वरून २४० आणि खालून २४० पिक्सेल जातात. तिथे अक्षरं मध्यात हवीत. त्याची पाटी वेगळी बनवा.

ताईंनी थंबनेल बदललं. जुनं चित्र काही ठिकाणी थोडा वेळ दिसत राहिलं, ते तसं होतं, घाबरू नका. भावावरून येणारे फोन मात्र थांबले. ज्या बाईंनी ऑर्डर रद्द केली होती त्यांना ताईंनी स्वतः फोन करून जुनं आणि नवं दोन्ही चित्रं पाठवली, कुठे काय झाकलं गेलं ते दाखवलं. बाईंनी दोन किलो घेतले नाहीत. एक किलो घेतले. ताई म्हणाल्या, "दादा, एक किलोचं काय एवढं नाही, पण फसवते म्हणाल्या होत्या ना, ते गेलं."

आता तुमचं काम. तुमच्या चॅनेलवरचे शेवटचे पाच थंबनेल प्लेलिस्टमध्ये उघडा आणि प्रत्येकाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात काय झाकलं गेलंय ते वहीत लिहून काढा. एकाखाली जरी किंमत, फोन नंबर किंवा दुकानाचं नाव सापडलं, तरी आज रात्री आधी ते बदला.